रिलीव्हिंग लेटरवर १ फेब्रुवारी, मी जॉइन झालो २७ जानेवारीला. आता व्हेरिफिकेशनवाले मागं लागलेत

शेंद्रा_शिफ्ट
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.
वाळूजला एका ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीला होतो. चाकणला चांगली ऑफर आली म्हणून ३ डिसेंबरला मेलवर राजीनामा टाकला. नोटीस ६० दिवसांची. ८ डिसेंबरला एचआरचा मेल आला, राजीनामा स्वीकारला आहे, शेवटचा कामाचा दिवस १ फेब्रुवारी २०२६ राहील, हँडओव्हर आणि नो ड्यूज पूर्ण करा वगैरे. इथपर्यंत सगळं ठीक.
नवीन कंपनीला जानेवारीतच माणूस पाहिजे होता. मग आमच्या मॅनेजर सरांशी बोललो, ते म्हणाले तुझ्या पीएल म्हणजे पगारी रजा शिल्लक आहेत ना, त्या लावून टाक शेवटी, मी एचआरला सांगतो. त्याप्रमाणं २३ जानेवारी शुक्रवारी शेवटचा पंच मारला, मधे शनिवार रविवार आणि सव्वीस जानेवारी, २७ ला चाकणला जॉइन.
आता रिलीव्हिंग लेटर आलं १६ फेब्रुवारीला. त्यात लिहिलंय की मला १ फेब्रुवारीच्या कामाच्या वेळेनंतर कार्यमुक्त करण्यात आलं. नवीन कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांनी लगेच लाल खूण केली, २७ जानेवारी ते १ फेब्रुवारी तुम्ही दोन ठिकाणी कामाला होतात, सात दिवसात खुलासा द्या.
दुसरं म्हणजे लेटरमध्ये वर्तणूक चांगली होती वगैरे ओळच नाही. आधीच्या दोस्तांच्या लेटरमध्ये ती ओळ आहे, मी बघितलीय. माझ्यावर कधी मेमो नाही, चौकशी नाही. मग ती ओळ कामून नाही? आणि अ‍ॅक्सेप्टन्स मेल आणि रिलीव्हिंग लेटर यात कुठला कागद वरचढ धरतात?

निवांत_नांदेडी
१ फेब्रुवारीला तर रविवार होता राव. रविवारी कामाच्या वेळेनंतर कार्यमुक्त. वॉचमनला निरोप देऊन आला असशील 😄

गोदाकाठ
यात घाबरण्यासारखं काहीच नाही. रिलीव्हिंग लेटर देणं कंपनीला कायद्यानं बंधनकारक आहे आणि चुकीचं दिलं तर दुरुस्त करून द्यावंच लागतं. आता नवीन वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय, राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशोब करायचा. तुझं लेटरच १६ तारखेला आलं म्हणजे कंपनी आधीच अडकलेली आहे. एका वकिलाकडून नोटीस पाठव, दुसऱ्या दिवशी तारीख बदलून देतात की नाही बघ. संभाजीनगरला कामगार उपायुक्तांचं ऑफिस आहेच.

पैठण_रोड
माझ्याकडं तर आजपर्यंत रिलीव्हिंग लेटर नाहीच. पहिल्या कंपनीनं दिलंच नाही, एचआरची माणसं बदलत गेली आणि आमचा अर्ज फिरत राहिला. पुण्याच्या आयटी कंपनीनं फक्त अ‍ॅक्सेप्टन्सचा मेल आणि शेवटच्या तीन पगारस्लिपा घेतल्या आणि क्लिअर केलं. त्यामुळं एवढं टेन्शन घेऊ नको.

कागदवाली
पैठण_रोड, तुमच्या केसमध्ये कागदच नव्हता म्हणून त्यांनी दुसरा पुरावा मानला. याच्याकडं कागद आहे आणि तो कागदच त्याच्या विरोधात बोलतोय. दोन्हीत फरक आहे.
शेंद्रा_शिफ्ट, मी चिकलठाण्याला बरीच वर्षं एचआरमध्येच काढलीत. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांग. जानेवारीच्या पगारस्लिपवर पेड डेज किती आहेत? मस्टरला किंवा अटेंडन्सच्या पोर्टलला २४ जानेवारीपासून पुढं काय लागलंय, पीएल की आणखी काही? आणि मॅनेजरांनी एचआरला सांगितलं ते मेलवर का तोंडी?

बालाघाटी
माझ्या बहिणीचा पण हाच प्रश्न आहे. ती बीड जिल्ह्यात खासगी अनुदानित शाळेवर आहे, आता जिल्हा परिषदेत नाव लागलंय. संस्थाचालक राजीनामा मंजूर केल्याचं पत्र देत नाहीत, आज देतो उद्या देतो करायलेत. तिनं काय करावं? आणि सर्व्हिस बुकचं काय?

निवांत_नांदेडी
बालाघाटी भाऊ, हाच प्रश्न नाही हो. इथं माणूस सुटलाय आणि तारीख अडकलीय, तिकडं ताई अजून सुटायच्याच आहेत.

कागदवाली
असू दे, विचारलंय तर सांगते. शाळेला १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा लागतो, आणि त्यात राजीनामा कसा द्यायचा तेच लिहून ठेवलंय. दोन प्रती करायच्या, दोन्हीवर सही आणि तारीख, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टानं पाठवायची, एक स्वतःजवळ ठेवायची. कायम कर्मचारी असेल तर तीन महिन्यांची नोटीस, लवकर जायचं तर नोटिशीच्या बदल्यात पगार भरून घेऊन संस्था त्यांना सोडू शकते. ताईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज ठेवला असेल तर आधी तो रजिस्टर पोस्टानं पाठवायला सांगा, म्हणजे नोटीस कधी सुरू झाली यावर वाद नको. परवानगी घेऊन दुसरीकडं चालल्या आहेत असा उल्लेख त्यात येऊ द्या. कार्यमुक्तीचा आदेश, लास्ट पे सर्टिफिकेट आणि सर्व्हिस बुक हे नंतर. जास्त खोलात जायचं तर वेगळा धागा काढा, नाहीतर या पोराचा प्रश्न बुडेल.

शेंद्रा_शिफ्ट
ताई, आत्ता काढून बघितलं. जानेवारीच्या स्लिपवर पेड डेज ३१ आहेत. पोर्टलवर २४ ला पीएल, २५ ला वीकली ऑफ, २६ ला हॉलिडे, २७ ते ३१ पीएल. १ फेब्रुवारीला वीकली ऑफ. म्हणजे सहा पीएल गेल्या. मॅनेजर सर तोंडीच बोलले होते, पण पीएलचा अर्ज मी पोर्टलवरच टाकला होता आणि तो त्यांनी मंजूर केलाय, ते दिसतंय. एफएनएफचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाचा कागद अजून आला नाही.

कागदवाली
मग कंपनीनं चुकीचं लेटर दिलेलं नाही बाळा. हे आधी समजून घे, नाहीतर एचआरशी भांडायला जाशील आणि तिथंच हरशील.
पीएल लावणं याचे दोन अर्थ होतात आणि बोलताना दोन्हीला आपण अ‍ॅडजस्ट करणंच म्हणतो. पहिला, नोटीस चालूच आहे आणि शेवटचे दिवस तू मंजूर रजेवर आहेस. रजेवरचा माणूस कंपनीच्या हजेरीपटावरच असतो, त्याचा पगार निघतो, पीएफ कापला जातो, म्हणून त्याची सुटका नोटीस संपेल त्याच दिवशी, म्हणजे १ फेब्रुवारीला. दुसरा अर्थ, कंपनी तुला २३ जानेवारीलाच सोडते, नोटिशीतले नऊ दिवस कमी पडले असं धरते, आणि ते नऊ दिवस एकतर माफ करते किंवा पगारातून वसूल करते. शिल्लक पीएलचे पैसे हिशोबात वेगळे धरते. यात तू २३ तारखेच्या संध्याकाळपासून त्यांचा कोणी नाहीस.
तुला पाहिजे होता दुसरा प्रकार. तू पोर्टलवर रजेचा अर्ज टाकलास तिथं झाला पहिला. लेटर सिस्टिममधून निघतं, अ‍ॅक्सेप्टन्सची तारीख उचलतं, मॅनेजर काय बोलले ते त्याला कुठं माहीत.
आता कुठला कागद वरचढ हे विचारलंस. अ‍ॅक्सेप्टन्स निघतं तेव्हा तू अजून कामावर असतोस. अमुक दिवशी सोडू, हँडओव्हर झालं तर, नो ड्यूज झालं तर, असं ते असतं. मधे नोटीस कमी होऊ शकते, वाढू शकते, माणूस राजीनामा परत घेऊ शकतो. रिलीव्हिंग लेटर मात्र सोडल्यानंतर निघतं आणि सोडलं असं सांगतं. म्हणून व्हेरिफिकेशनवाले दोन्हीत फरक असेल तर रिलीव्हिंगच धरतात. तुझ्या दोन्हीत तर तारीख एकच आहे, त्यामुळं त्यांना शंका घ्यायलाही जागा नाही.

जालना_टीएमटी
एक बारकी गोष्ट. ३ डिसेंबरपासून मोजलं तर ६० दिवस ३१ जानेवारीला भरतात. एचआरनं ४ पासून मोजलंय म्हणून १ फेब्रुवारी आलं. आमच्या स्टील कंपनीत मेल आला तो दिवस धरतात. एका दिवसासाठी महिना बदलला बघा याचा.

कागदवाली
बरोबर पकडलंत. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवसापासूनच मोजतात, त्यामुळं यात भांडण्यासारखं नाही. पण महिना बदलल्यानं पीएफमध्ये गोंधळ होऊ शकतो, त्यावर नंतर लिहिते.

गोदाकाठ
ताई, तुमचा अनुभव मान्य, पण मूळ मुद्दा राहतोच. मॅनेजर कंपनीचाच माणूस ना? तो हो म्हणाला म्हणजे कंपनी हो म्हणाली. आणि लेटर देणं बंधनकारक आहे ते आहेच.

कागदवाली
गोदाकाठ दादा, कायद्यात रिलीव्हिंग लेटर या नावाचा कागद मला तरी कुठं सापडला नाही. कारखान्याच्या स्थायी आदेशात असतं ते सर्व्हिस सर्टिफिकेट, आणि ते कामगारासाठी. क्वालिटी इंजिनीअर कामगार का स्टाफ यावरच वकील दोन तारखा घालवतील. तुम्ही म्हणता ते दोन दिवस पगाराच्या हिशोबाचे आहेत आणि त्यात तुम्ही बरोबर आहात, एफएनएफ अडकलं असेल तर त्यानं तो मुद्दा जरूर काढावा. पण इथं लेटर मिळालेलं आहे आणि रेकॉर्डप्रमाणं बरोबर आहे, मग नोटीस कशाची देणार? सात दिवसात खुलासा द्यायचाय त्याला, केस जिंकायची नाही.

गोदाकाठ
बरं. पण मॅनेजरच्या शब्दाला किंमत नाही हे मला पटत नाही.

डोंगरची_मैना
मॅनेजरच्या शब्दाला किंमत असती तर माझं प्रमोशन तीन वर्षापूर्वीच झालं असतं 😂

पैठण_रोड
सरळ नवीन कंपनीला सांग ना जॉइनिंग २ फेब्रुवारी दाखवा म्हणून. सोमवारच आहे. विषय संपला.

जालना_टीएमटी
आणि २७ पासून त्यानं मारलेले पंच? इंडक्शनच्या सह्या? गेटपास? जानेवारीचा पगार काढला असेल तर तो? एक तारीख झाकायला दहा कागद खोटे करायला लावू नका बाबा.

शेंद्रा_शिफ्ट
नाही, ते मी करणार नाही, जानेवारीचे पाच दिवसांचे पैसे पण आलेत तिकडून. कागदवाली ताई, मग एचआरला नेमकं काय मागू? लेटरवर २३ जानेवारी करून द्या म्हणू का?

कागदवाली
मागता येईल, पण आधी पैशाचं बघ. तुझा ग्रॉस किती, बेसिक किती?

शेंद्रा_शिफ्ट
ग्रॉस ३६ हजार, बेसिक १८.

कागदवाली
मग असं बघ. लेटरवर २३ जानेवारी पाहिजे तर रेकॉर्डही तसंच करावं लागेल. म्हणजे २४ ते ३१ या आठ दिवसांचा जो पगार निघालाय तो परत. ३६ हजार भागिले ३१ गुणिले आठ, साधारण ९,२९० रुपये. त्याच्या बदल्यात सहा पीएल पुन्हा शिल्लकीत येतील, पण रजेचे पैसे बऱ्याच कंपन्या बेसिकवर देतात. १८ हजार भागिले ३० म्हणजे दिवसाला ६००, सहा दिवसांचे ३,६००. म्हणजे ५,६९० चा खड्डा. आणि हे कधी, तर कंपनीनं नोटिशीचे कमी पडलेले नऊ दिवस माफ केले तर. माफ नाही केले आणि ग्रॉसवर वसूल केले तर दिवसाला १,२०० प्रमाणं आणखी १०,८०० जातील. शिवाय जानेवारीचा पगार बंद झालाय, पीएफ भरला गेलाय, तो मागं फिरवायला अकाउंट्सवाले तयार होत नाहीत. मी पण नसते झाले.
त्यापेक्षा दुसरा रस्ता धर. लेटर आहे तसं राहू दे. एचआरकडून कंपनीच्या लेटरहेडवर एक छोटं खुलासापत्र माग. त्यात चारच गोष्टी पाहिजेत. तू प्रत्यक्ष कामावर हजर असण्याचा शेवटचा दिवस २३ जानेवारी २०२६. २४ जानेवारी ते १ फेब्रुवारी तू मंजूर रजा, साप्ताहिक सुट्टी आणि राष्ट्रीय सुट्टी यावर होतास. नोटीस पूर्ण होऊन १ फेब्रुवारीला कार्यमुक्त. आणि या रजेच्या काळात दुसरीकडं रुजू होण्याला कंपनीची हरकत नाही.
शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच द्यायला एचआर खळखळ करतं. बऱ्याच अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोकरीत असताना दुसरीकडं काम करायचं नाही असं कलम असतं, आणि रजेवरचा माणूस नोकरीतच असतो. तुझ्या नव्या कंपनीला भीती आहे ती याचीच. हे वाक्य आलं की भीती जाते. नाहीच दिलं तर निदान पहिल्या तीन गोष्टी आणि सोबत पोर्टलवरच्या मंजूर रजेचा स्क्रीनशॉट.

मांजराकाठ
ताईंचं सगळं बरोबर आहे फक्त एक जोडतो. सगळ्याच व्हेरिफिकेशनवाल्यांना हे चालतं असं नाही. माझ्या मेव्हण्याला लातूरहून हैदराबादला जाताना असंच झालं, तीन दिवसांचं ओव्हरलॅप, रजेचं पत्र दिलं तरी त्यांनी रिपोर्टमध्ये पिवळी खूण ठेवलीच. मग नवीन एचआरनं स्वतःच्या अधिकारात ओके केलं. म्हणजे एजन्सी फक्त रंग लावते, ठेवायचं का काढायचं हे कंपनी ठरवते. त्यामुळं एजन्सीला पत्र पाठवताना तुझ्या नवीन एचआरला कॉपीत ठेव.

निवांत_नांदेडी
लाल, पिवळा, हिरवा. सिग्नललाच नोकरी लागल्यासारखं झालं हे.

शेंद्रा_शिफ्ट
धन्यवाद सगळ्यांना. उद्याच मेल टाकतो. पण वर्तणुकीच्या ओळीचं कोणी बोललं नाही. तीच जास्त खटकायलीय मला.

डोंगरची_मैना
ती ओळ कोण वाचतं? सगळ्यांना सारखीच असते. आमच्याकडं एकजण सुपरवायझरच्या अंगावर धावून गेला होता, त्यालाही "वर्तणूक समाधानकारक, पुढील वाटचालीस शुभेच्छा" छापून दिलं. पीडा गेली म्हणून.

मांजराकाठ
ओळ कोणी वाचत नाही हे अर्धं खरंय. लेटरवर काय आहे त्यापेक्षा एजन्सी जुन्या एचआरला जो फॉर्म पाठवते त्यात काय भरलं जातं ते बघतात. हुद्दा, तारखा, सोडण्याचं कारण, एक्झिटचे सोपस्कार पूर्ण झाले का, शिस्तभंगाचं काही आहे का, आणि परत कामावर घ्याल का. शेवटच्या रकान्यात नाही आलं की लेटर कितीही गोड असू द्या, फोन येतोच. माझ्याच बाबतीत लेटर एकदम स्वच्छ होतं आणि फॉर्मवर सोपस्कार अपूर्ण असं आलं. कारण काय तर सेफ्टी शूज आणि लॉकरची चावी. चावी मी दिली होती, सही राहिली होती.

कागदवाली
हेच लिहिणार होते. शेंद्रा_शिफ्ट, तुझं नो ड्यूज पूर्ण झालं होतं का? सगळ्या खात्यांच्या सह्या? काही कंपन्यांत लेटरचे दोन साचे असतात. नो ड्यूज पूर्ण तर वर्तणूक आणि येणं-देणं काही नाही या दोन्ही ओळींसह निघतं, अपूर्ण असेल तर नुसतं कार्यमुक्त. चौकशी चालू असती तर अ‍ॅक्सेप्टन्समध्येच तसं लिहिलं असतं, चौकशीच्या अधीन राहून म्हणून. तुझ्या मेलमध्ये ते नाही, त्यामुळं वाईट काही असेल असं मला वाटत नाही. स्टोअरला किंवा गेज रूमला विचार.

शेंद्रा_शिफ्ट
स्टोअर, कँटीन, आयटी, सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. गेज रूमचे काका त्या दिवशी सुट्टीवर होते, मॅनेजर म्हणाले मी करून घेतो.

डोंगरची_मैना
परत मॅनेजर 😂😂

गोदाकाठ
मी काही बोलत नाही.

जालना_टीएमटी
क्वालिटीचा माणूस आणि गेज रूमची सही नाही म्हणजे नक्की एखादं मायक्रोमीटर नावावर पडलंय. आमच्याकडं कॅलिब्रेशनचा ऑडिट आला की एकेक गेज शोधतात, नंबरनिशी. जो माणूस सोडून गेला त्याच्या नावावर टाकून मोकळे होतात.

बालाघाटी
ताईंनी सांगितल्याप्रमाणं बहिणीनं आज रजिस्टर पोस्ट केलं. संस्थेच्या सचिवांचा लगेच फोन, अहो पोस्टानं कशाला, आपण घरचेच ना. बघू आता घरचे लोक काय करतात.

निवांत_नांदेडी
पत्र पोचायच्या आधीच फोन आला? म्हणजे पोस्टमन पण घरचाच दिसतोय 😄

शेंद्रा_शिफ्ट
अपडेट देतो. जालना_टीएमटी, तुमच्या तोंडात साखर पडो. एक डिजिटल व्हर्नियर, १५० मिमीचं, माझ्या नावावर होतं. ते मी डिसेंबरमध्येच माझ्या जागी आलेल्या पोराला दिलं होतं, तो वापरतोय पण, रजिस्टरला मात्र माझंच नाव. त्याला फोन केला, त्यानं गेज रूमला जाऊन नंबर दाखवून स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि काकांनी माझ्या फॉर्मवर सही केली. त्यानंतर एचआरनं नवीन लेटर दिलं, तारीख तीच पण त्यात कामगिरी व वर्तणूक चांगली आणि कंपनीचं काही येणं नाही, अशा दोन्ही ओळी आल्या.
खुलासापत्रासाठी जरा ओढाताण झाली. एचआर म्हणाले हरकत नाही हे वाक्य आम्ही लिहित नाही, लीगलला विचारावं लागतं. मग मी कागदवाली ताईंच्या पहिल्या तीन गोष्टी मेलमध्ये लिहून दिल्या, त्या जशाच्या तशा लेटरहेडवर आल्या. सोबत रजेचा स्क्रीनशॉट लावून एजन्सीला पाठवलं, नवीन एचआर कॉपीत. पिवळं झालंय. नवीन एचआर मॅडम म्हणाल्या आमच्याकडून ओके आहे, काम चालू ठेव.

मांजराकाठ
पिवळं म्हणजे झालंच. आमचा मेव्हणा त्याच पिवळ्यावर टीम लीड झाला.

डोंगरची_मैना
आता त्या पोराला एक चहा पाज. आणि हुरड्याचा सीझन सरायच्या आत मॅनेजरकडून पार्टी वसूल कर, एवढा ताप दिला त्यानं.

गोदाकाठ
अभिनंदन. तरीपण माझं म्हणणं, हरकत नाही हे वाक्य त्यांनी द्यायलाच पाहिजे होतं. मॅनेजरनं रजा मंजूर केली ती कशासाठी हे त्याला माहीत होतं. हे उद्या दुसऱ्या कोणावर उलटलं तर?

कागदवाली
उलटू शकतं, यावर दादा तुमच्याशी वाद नाही. याची कंपनी समजूतदार निघाली. म्हणून सोडतानाच रजेचा अर्ज टाकण्याऐवजी लवकर कार्यमुक्त करा असा एक मेल मॅनेजर आणि एचआर दोघांना टाकून त्याचं उत्तर घेतलेलं बरं, आणि नवीन तारखेचं सुधारित अ‍ॅक्सेप्टन्स मागायचं. ते एका मेलचं काम आहे, सोडल्यानंतर मात्र तेच डोंगराएवढं होतं.
शेंद्रा_शिफ्ट, आता पीएफचं. मेंबर पोर्टलवर `View` मध्ये `Service History` बघ. जुन्या कंपनीसमोर एक्झिटची तारीख आली का?

शेंद्रा_शिफ्ट
नाही ताई, रिकामीच आहे. मित्र म्हणायलेत तूच `Mark Exit` करून टाक.

कागदवाली
आत्ता होणारच नाही. नोकरी सोडून दोन महिने झाल्याशिवाय मेंबरला ते करता येत नाही. आणि तारीख टाकता येते ती शेवटचा हप्ता ज्या महिन्याचा जमा झाला त्या महिन्यातली. इथंच तो रविवार आडवा येतो बघ. एचआरनं १ फेब्रुवारीचा एक दिवसाचा पगार काढला तर फेब्रुवारीचा हप्ता पडेल, तो १५ मार्चपर्यंत भरतात, मग १ फेब्रुवारी टाकता येईल आणि लेटरशी जुळेल. त्यांनी तो दिवस धरलाच नाही तर शेवटचा हप्ता जानेवारीचा, आणि तू जास्तीत जास्त ३१ जानेवारी टाकू शकशील. म्हणजे लेटर एक सांगणार आणि पीएफ दुसरं. एका दिवसाच्या फरकानं सहसा कोणी अडवत नाही, पण तुझं प्रकरण आधीच पिवळं आहे.
म्हणून एफएनएफचा कागद आला की फेब्रुवारीचा एक दिवस त्यात आहे का ते आधी बघ, आणि एचआरलाच १ फेब्रुवारीची एक्झिट टाकायला सांग. स्वतः घाई करू नको. एकदा चुकीची तारीख पडली की बदलायला जॉइंट डिक्लेरेशन भरावं लागतं आणि त्यात काही केसमध्ये परत जुन्या कंपनीची मंजुरी लागते.

शेंद्रा_शिफ्ट
एफएनएफ आत्ता संध्याकाळी मेलवर आलंय. फेब्रुवारीचा रकाना शून्य आहे 😐

जालना_टीएमटी
घ्या. रविवारी रिलीव्ह केला पण रविवारचा पगार नाही.

गोदाकाठ
आता तरी दोन दिवसांचा कायदा दाखव त्यांना.

कागदवाली
आता दाखव, इथं दादांचा मुद्दा चालतो. लेटरवर १ फेब्रुवारीपर्यंत नोकरीत होतास असं त्यांनीच लिहिलंय, मग त्या साप्ताहिक सुट्टीचा पगार कुठं गेला एवढंच विचार. लेटर आणि पोर्टलवरचा वीकली ऑफ दोन्ही जोड. पैसे हजाराच्या आसपास असतील पण त्याबरोबर फेब्रुवारीचा पीएफ हप्ता पडेल, तुला तो पाहिजे. एफएनएफवर मान्य म्हणून सही करायच्या आधी विचार, नंतर नाही.

शेंद्रा_शिफ्ट
सही केली नाही अजून. सकाळी मेल करतो.

वेरूळ_फाटा
माझी पण सेम केस आहे पण माझी नोटीस ९० दिवसांची आणि कंपनीनं उरलेल्या नोटिशीचे पैसे मागितलेत, त्यावर जीएसटी लावलाय. लावता येतो का?

कागदवाली
ते तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमधलं नोटिशीचं कलम आणि कंपनीनं दिलेला हिशोब बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. दोन्ही इथं टाका, नावं खोडून.